बीएस्सी केमिस्ट्री झालंय, कॅम्पसला कोणी आलंच नाही. शिरोली-कागलच्या फौंड्री लॅबमध्ये शिरायचं तर सुरुवात कुठून करू?

भुदरगडकर

नमस्कार मंडळी. मी गारगोटी भागातला, बीएस्सी केमिस्ट्री यंदाच झालं, 66 टक्के. आमच्या कॉलेजात वर्षभरात एकच कंपनी आली, ती पण इन्शुरन्सवाली, टार्गेटवर काम, आमच्या वर्गातली चार पोरं गेली आणि तीन परत आली. नोकरीच्या साईटवर दोन महिन्यांत ऐंशीच्या वर ठिकाणी अप्लाय केलं, फोन आले दोन. एकानं रजिस्ट्रेशनचे साडेतीन हजार आधी भरा म्हणून सांगितलं, दुसऱ्याला दोन वर्षांचा अनुभव पाहिजे होता. मागच्या आठवड्यात म्हटलं चला प्रत्यक्षच जाऊया, सकाळच्या एसटीनं कोल्हापूर आणि तिथून शिरोली एमआयडीसी, सात गेटवर बायोडाटा दिला. सातही ठिकाणी वॉचमननं घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. एका ठिकाणी ड्रॉवर उघडलेला दिसला, आत माझ्यासारखे शंभरेक बायोडाटे होते. संध्याकाळी मुदाळ तिट्ट्याला उतरेपर्यंत कुणाशी बोलायची इच्छा राहिली नव्हती.

पुण्याला जायची आत्ता ऐपत नाही, वडलांचं ऑपरेशन झालंय, मला जिल्ह्यातच काहीतरी पाहिजे. फौंड्रीत केमिस्ट लागतात असं ऐकलंय पण तिथं नेमकं काय करतात आणि आत शिरायचं कसं हे कुणी सांगेल काय. ओळख कुणाचीच नाही.

इचलकरंजीकर

भावा अप्रेंटिस कर. सरकारची स्कीम आहे, पूर्ण स्टायपेंड सरकार देतंय, कंपनीला एक रुपया पडत नाही म्हणून लगेच घेतात आणि वर्ष झालं की पर्मनंट करावंच लागतं, तसा कायदाच आहे. माझ्या चुलत भावाला असंच घेतलं, आता सहा वर्षं झाली त्याच कंपनीत. ऑनलाइन नाव घाल, बाकी काही करायला लागत नाही.

फौंड्री_लॅब

मी 19 वर्षं फौंड्रीच्या लॅबमध्ये आहे, आता इनचार्ज आहे, त्यामुळं ह्यावर जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे तू ज्या जागा शोधायलास त्या साईटवर येतच नाहीत. आमच्याकडं लॅबला माणूस कसा लागतो बघ. तिन्ही पाळ्यांना स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते दाखवणाऱ्या मशीनवर, एक आणि वाळू तपासायच्या सँड लॅबला एक पोरगं लागतं. ह्यातला एखादा दिवाळीचा बोनस घेऊन चाकणला जातो, नाहीतर गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या लॅबमध्ये जातो. तो सोडणार हे मला पंधरा दिवस आधी कळतं, एचआरला कळतं त्याचा राजीनामा गेल्यावर. आणि मधल्या पंधरा दिवसांत मी काय करतो, तर माझ्याच पोरांना विचारतो की तुमच्या गावातलं, कॉलेजातलं कुणी आहे काय. तिथंच जागा भरते. जाहिरात द्यायची वेळच येत नाही. म्हणजे एचआरच्या मेलवर बायोडाटा टाकलास तरी ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत तो पोचत नाही, आणि वॉचमनच्या ड्रॉवरचं तर तू बघितलंसच.

म्हणून गेटवर "नोकरी आहे काय" विचारू नकोस. त्याचं उत्तर नाहीच असतं, वॉचमनला तेवढंच सांगून ठेवलेलं असतं. कंपनीच्या बोर्डलाइनला फोन कर आणि "लॅब इनचार्ज साहेबांशी बोलायचं होतं" म्हण. दुपारी तीनच्या पुढं कर. सकाळी आम्ही रात्रपाळीच्या रिजेक्शनमध्ये अडकलेलो असतो. आणि निघायच्या आधी साप्ताहिक सुट्टी कधी ते विचारून घे, सगळीकडं रविवारच असतो असं नाही, हेलपाटा पडतो.

आता लॅबमध्ये काय करतात ते. तुला वाटतं तेवढं ते लांबचं नाही. साचा ज्या वाळूचा करतात तिच्यात बेंटोनाइट म्हणजे वाळू बांधून ठेवणारी माती असते, ती किती जिवंत आहे हे आम्ही मिथिलीन ब्ल्यूनं काढतो. 5 ग्रॅम वाळू, त्यात टेट्रासोडियम पायरोफॉस्फेटचं पाणी घालून उकळायचं, मग ब्युरेटनं मिथिलीन ब्ल्यू सोडत जायचं आणि काचेच्या दांडीनं एक-एक थेंब फिल्टर पेपरवर टेकवायचा. मधल्या गडद ठिपक्याभोवती फिकट निळं कडं उमटलं आणि दोन मिनिटं हलवून परत थेंब टाकल्यावरही ते राहिलं की झाला एंड पॉइंट. हे टायट्रेशनच आहे की. तीन वर्षं तू ब्युरेटच धरलायस. पण तुमच्या पोरांच्या बायोडाटावर हे कधी दिसत नाही, तिथं "हार्डवर्किंग" आणि "टीम प्लेयर" लिहिलेलं असतं. त्याच्याऐवजी सरळ लिही की टायट्रेशन हातानं केलंय, इतक्या प्रकारची, सोल्यूशन स्वतः बनवून स्टँडर्डाइज केलंय, ॲनालिटिकल बॅलन्स वापरलाय. मी बायोडाटात तेवढंच शोधतो.

अभ्यास_चालू

केमिस्ट्रीवर एमपीएससीची कृषी सेवा होते काय, आणि फॉर्म कधी सुटणार आहेत कुणाला माहीत आहे काय? मी पण बीएस्सी आहे. ह्या फौंड्रीच्या भानगडीत पडण्यापेक्षा दोन वर्षं बसून अभ्यास केलेला बरा असं माझं मत.

मुरगूडकर

@अभ्यास_चालू त्याला वेगळा धागा काढा की. त्यानं जिल्ह्यात आत्ता नोकरी पाहिजे म्हणून विचारलंय, वडलांचं ऑपरेशन झालंय म्हणतोय, दोन वर्षं बसणार कशावर?

एचआर_शिरोली

मी एचआरलाच आहे, कंपनीचं नाव नको. वर अप्रेंटिसबद्दल जे लिहिलंय त्यातलं निम्मं बरोबर आहे आणि निम्म्यानं पोरांचं नुकसान होईल, म्हणून लिहायलोय.

ग्रॅज्युएटसाठी जी योजना आहे ती नॅट्स. पोर्टल nats.education.gov.in. बीई, डिप्लोमापुरतीच आहे असा समज आहे पण बीए, बीकॉम, बीएस्सी पण चालतं, पास होऊन पाच वर्षं व्हायच्या आत. सरकार पूर्ण स्टायपेंड देत नाही, किमान स्टायपेंडच्या निम्मं देतं. 2019 च्या नियमात ग्रॅज्युएटला किमान 9 हजार होतं, म्हणजे सरकारचे 4500, वरचं सगळं कंपनीचं. 2025 मध्ये हा आकडा 12,300 करायची शिफारस झाली होती, तेव्हा नाव घालताना चालू आकडा पोर्टलवर बघून घ्या.

पर्मनंट करावंच लागतं असा कायदा नाही. वर्ष संपलं की सर्टिफिकेट मिळतं, ठेवायचं की नाही कंपनीनं ठरवायचं. तुमच्या चुलत भावाला ठेवलं कारण त्याचं काम बरं असणार.

पण जे कुणी सांगत नाही ते हे. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि ह्या मोजणीत कॉन्ट्रॅक्टची माणसं पण धरतात. म्हणजे 200 माणसांची फौंड्री असेल तर कमीत कमी 5. आता आमच्यासारख्या कंपन्या हे 5 बहुतेक आयटीआयच्या पोरांनी भरून टाकतात, कारण ती सहज मिळतात आणि मोल्डिंगला, मेंटेनन्सला लागतात. त्यामुळं "कायद्यानं तुम्हाला मला घ्यावंच लागेल" असं म्हणत कुणी आलं तर आम्ही हात जोडतो. तेच एखादा येऊन म्हणाला की माझं नॅट्सला नाव आहे, एनरोलमेंट नंबर हा, लॅबला मी ग्रॅज्युएट अप्रेंटिस म्हणून चालेन, तर मला साहेबांकडं फाईल न्यायला सोपं जातं. पगारी जागा वाढवायची म्हटली की मालकाची सही लागते, तिथं चार महिने जातात. अप्रेंटिसची जागा मी आठवड्यात काढू शकते.

नाव घालून घरी बसला तर मात्र काही होत नाही. पोर्टलवरून आपणहून माणूस बोलावलाय असं माझ्या बघण्यात फार कमी वेळा झालंय. आधी माणसाला भेटायचं आणि मग पोर्टलवर कॉन्ट्रॅक्ट करायचं, असा क्रम असतो.

अजून दोन गोष्टी बघा. तुमच्या लॉगिनला कॉन्ट्रॅक्ट दिसला पाहिजे आणि तो तुम्ही स्वतः मान्य केला पाहिजे. काही ठिकाणी तोंडी "अप्रेंटिस आहेस" म्हणून राबवून घेतात आणि पोर्टलवर काहीच नसतं, मग ना सर्टिफिकेट ना सरकारचे पैसे. महिनाभरात लॉगिनला काही दिसलं नाही तर विचारा. दुसरं म्हणजे बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे. सरकारचा वाटा आता थेट तुमच्या खात्यात येतो, आणि गावाकडच्या पोरांचं आधार कुठल्यातरी जुन्या स्कॉलरशिपच्या खात्याला जोडलेलं असतं, पैसे तिकडं जाऊन पडतात आणि पोरगं मला विचारत बसतं.

इचलकरंजीकर

बरं झालं सांगितलंत मॅडम, भावाचं बघून मला तसंच वाटलेलं. निम्म्याचं माहीत नव्हतं.

भुदरगडकर

सगळ्यांचे आभार. लॅबचं असं कुणी सांगितलंच नव्हतं, आम्हाला कॉलेजात वाटायचं फौंड्री म्हणजे नुसती भट्टी. पण साहेब, कुठल्या कंपनीत लॅब आहे हे बाहेरून कळणार कसं? शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित एमआयडीसी मिळून किती कारखाने आहेत, सगळीकडं तर फिरता येणार नाही.

मुरगूडकर

हे मी सांगतो, कारण मी ह्यातनं गेलोय. 2022 ला बीएस्सी, आमच्या कॉलेजला पण कोणी आलं नव्हतं. आधी दोन महिने मी तुझ्यासारखंच केलं, ऑनलाइन अप्लाय आणि गेटवर बायोडाटा.

मला वाट दाखवली ती एका बेंटोनाइट सप्लायरच्या माणसानं. आमच्या गावचाच, एसटीत शेजारी बसलेला, बोलता बोलता निघालं. तो म्हणाला अरे मी आठवड्याला पंधरा फौंड्र्या फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी सँड लॅबमध्येच बसतो, कुठलं पोरगं सोडायलंय हे मला तिथल्या एचआरच्या आधी कळतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की कंपनीत आत-बाहेर करणारी माणसं शोधायला पाहिजेत. वाळू, बेंटोनाइट, कोल डस्ट पुरवणारे, स्पेक्ट्रोचे सर्व्हिस इंजिनिअर, गेज कॅलिब्रेशनला येणारे. ह्यांना फोन केला तर राग येत नाही, उलट एखाद्या लॅबला माणूस मिळवून दिला की त्यांचंच तिथं वजन वाढतं.

मी त्या माणसाकडनं आणि स्मॅक आणि गोशिमा ह्या इथल्या कारखानदारांच्या संघटनांच्या सभासदांच्या नावांवरनं मिळून वहीत 43 कंपन्यांची यादी केली. प्रत्येकीपुढं चार रकाने केले. लॅब आहे काय, इनचार्जचं नाव, कधी बोललो, परत कधी बोलायचं. 43 पैकी लॅब निघाली 26 ठिकाणी, बाकीच्या बाहेरनं टेस्टिंग करून घ्यायच्या. 26 पैकी फोनवर इनचार्ज सापडले 14. त्यातल्या 9 जणांनी "ये भेटायला" म्हटलं, आणि 9 पैकी आत्ता जागा आहे असं म्हणणारे दोनच. मला वाईट वाटलं होतं, पण खरी गंमत रकाना चारमध्ये होती. बाकीच्या सात जणांना मी दर तीन आठवड्यांनी एक फोन करायचो, दोन मिनिटांचा, "साहेब तुम्ही म्हणाला होता दिवाळीनंतर बघू, म्हणून केला." पाचव्या आठवड्यात त्यातल्याच एकाचा स्वतः फोन आला की पोरगं सोडून गेलंय, उद्या येतोस काय. यादी केल्यापासून ते जॉइन होईपर्यंत अडीच महिने गेले.

पगाराबद्दल खोटं सांगत नाही, सुरुवातीला कमीच होता. नागावात आम्ही तिघं एका खोलीत राहायचो, सायकलनं कंपनीत, दुपारचं कँटीनला. रात्रपाळीला पहिले दोन महिने त्रास झाला, झोपच यायची नाही दिवसा. एक वर्ष चार महिन्यांनी दुसऱ्या फौंड्रीत गेलो, तिथं बरं आहे.

एक चूक केली ती सांगतो. मधल्या काळात एका ठिकाणी ओरिजिनल मार्कशीट जमा करून घेतली, "सहा महिने सोडणार नाही याची खात्री" म्हणून. मी दिली. नंतर ती परत मिळवायला मला पाच हेलपाटे पडले. झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि लगेच पिशवीत घाला.

आजऱ्याची_आई

माझी मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झाली आहे. हे सगळं वाचून तिला पण पाठवावं असं वाटलं पण रात्रपाळी ऐकून भीती वाटते. घरचे तयार होणार नाहीत. मुलींना घेतात का फौंड्रीत? आणि मायक्रोला तिथं काही काम असतं का? आजऱ्याहून रोज जाणं-येणं जमणार नाही, खोली घेऊन राहावं लागेल हे माहीत आहे.

फौंड्री_लॅब

ताई, खरं सांगतो. मुलींना रात्रपाळीला बोलवायचं तर कंपनीला तिची संमती, गाडी, सुरक्षा अशा अटी पाळाव्या लागतात, म्हणून लहान फौंड्र्या मुली घ्यायचंच टाळतात. हे बरोबर नाही, पण आहे असं. मोठ्या ठिकाणी लॅबला जनरल शिफ्टला मुली आहेत, माझ्याकडंच दोघी आहेत आणि रेकॉर्ड तर त्यांच्याइतकं चोख कुणाचं नसतं. मायक्रोला मात्र फौंड्रीत काम नाही. तिनं दूध, अन्न आणि पाणी ह्या बाजूला बघावं, आपल्या जिल्ह्यात दूध संघ आहेत, साखर कारखाने आहेत, पाणी आणि अन्न तपासणाऱ्या लॅब आहेत.

आणि ह्यावरनं आठवलं, @भुदरगडकर तुला पण उपयोगी आहे. कंपनीच्या लॅबच्या आधी बाहेरच्या टेस्टिंग लॅब बघ. वर मुरगूडकरनं लिहिलंय की 17 कंपन्या बाहेरनं टेस्टिंग करून घ्यायच्या, ते काम ह्यांच्याकडंच जातं. एनएबीएलच्या वेबसाइटवर मान्यता असलेल्या लॅबची यादी शहरावर शोधता येते, पत्ता आणि कुठल्या टेस्टची मान्यता आहे ते सगळं उघड असतं. केमिकलची मान्यता असलेल्या लॅबमध्ये सरळ जायचं. तिथं बहुतेक दिवसपाळी असते, पगार फौंड्रीपेक्षा कमी असतो, पण दिवसाला दहा कंपन्यांचे नमुने हाताखालून जातात. मी माणूस घेताना अशा लॅबमध्ये आठ महिने केलेल्या पोराला अनुभवीच धरतो. मायक्रोसाठी पण त्याच यादीत बायोलॉजिकलची मान्यता असलेल्या लॅब शोधायच्या.

आजऱ्याची_आई

खूप आभार दादा. आज संध्याकाळी तिला बसवून यादी काढते.

भुदरगडकर

मंडळी, सात आठवड्यांनी परत लिहायलोय. काय झालं ते सांगतो आणि एक अडचण आहे.

31 कंपन्यांची यादी केली, बोर्डलाइनवर फोन केले. पहिले दहा फोन करताना हात थरथरायचा, सरळ सांगतो. नंतर सवय झाली. लॅब इनचार्जशी बोलणं झालं 11 ठिकाणी. बायोडाटा एका पानाचा केला, वरच टायट्रेशनचं लिहिलं, नॅट्सचा एनरोलमेंट नंबर लिहिला. खातं आधारला जोडलेलं नव्हतं, मॅडम म्हणाल्या तसंच जुन्या स्कॉलरशिपच्या खात्याला होतं, ते बँकेत जाऊन बदलून घेतलं.

एका ठिकाणी लॅबमध्येच इंटरव्ह्यू झाला. साहेबांनी टेबलावर दोन तुकडे ठेवले, रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडे मोठे, दोन्ही लोखंडाचे. एक मोडलेल्या बाजूला पांढरा चकचकीत, दुसरा राखाडी. म्हणाले स्पेक्ट्रोवर कुठला लावशील. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं साहेब माहीत नाही, पण राखाडी आहे त्यात कार्बन ग्राफाइट म्हणून सुटा झालेला असणार, पांढऱ्यात तो लोखंडाबरोबर कंपाउंडमध्ये असणार, म्हणजे पांढऱ्यात सगळीकडं सारखा पसरलेला. त्यांनी दुसऱ्या साहेबांकडं बघितलं. मग सांगितलं की तांब्याच्या साच्यात ओतून झटकन थंड करतात म्हणून तो पांढरा होतो, त्याला चिल म्हणतात, राखाडीवर स्पार्क मारला तर कार्बन चुकीचा दाखवतो. मग ग्राइंडरवर चिल घासायला दिला. मी घासून बोटानं पुसला, लगेच म्हणाले परत घास, बोटाचं तेल लागलं.

तिथनं होकार आलाय, नॅट्समधनं ग्रॅज्युएट अप्रेंटिस, एक वर्ष, सगळं मिळून 12 हजार, कँटीन आहे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फौंड्रीतनं पण फोन आला, तिथं सँड लॅबला पगारी जागा, पण कंपनीच्या नावावर नाही, कॉन्ट्रॅक्टरच्या. 14 हजार, त्यातनं पीएफ आणि ईएसआय कापणार. घरचे म्हणतात 14 चं घे, पगार तो पगार. सोमवारपर्यंत सांगायचंय.

एचआर_शिरोली

अभिनंदन! आता कागदावर मांडून बघा. 14 हजार सगळ्यावर पीएफ धरला तर 12 टक्के म्हणजे 1680 जाणार, ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे 105. हे दोन्ही कापून 12,215 राहतात. म्हणजे हातात येणाऱ्यात फरक फार तर दोनशेचा आहे. पण पीएफ तुमचाच पैसा आहे आणि तेवढाच कॉन्ट्रॅक्टर पण भरतो, आणि ईएसआयमधनं आई-वडलांचा दवाखाना होऊ शकतो, वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर. तुमच्या घरची परिस्थिती बघता ही लहान गोष्ट नाही. अप्रेंटिसला पीएफ-ईएसआय नसतं. काम करताना लागलं-खुपलं तर भरपाई कंपनीवर असते, पण घरच्यांना काही नाही.

दुसऱ्या बाजूनं, एक वर्ष नोकरी झाली की नॅट्सचं दार बंद होतं, अनुभव असलेल्याला त्यात घेत नाहीत. आधी अप्रेंटिस करून मग कॉन्ट्रॅक्टवर जाता येतं, उलटं येत नाही.

फौंड्री_लॅब

मी असतो तर स्पेक्ट्रोचं घेतलं असतं. सँड लॅबपेक्षा स्पेक्ट्रो आणि मेटल शिकलेल्याला पुढं जास्त मागणी असते. ज्या साहेबांनी चिल घासायला लावून परत घास म्हटलं, तो माणूस शिकवणारा आहे. एसजी आयर्नमध्ये, म्हणजे ज्यात ग्राफाइट गोल दाण्यांचं असतं त्या लोखंडात, मॅग्नेशियम 0.035 टक्क्याच्या खाली गेलं की काय होतं आणि मॅग्नेशियमची ट्रीटमेंट दिल्यावर धातू किती मिनिटांत ओतून संपवावा लागतो, हे असल्या माणसाच्या हाताखाली वर्षात अंगात मुरतं.

मुरगूडकर

साहेब, मान राखून सांगतो, मला पटत नाही. शिकणं महत्त्वाचं हे खरं, पण वर्षानं ठेवलं नाही तर? माझ्या बॅचच्या तीन अप्रेंटिसपैकी एकाला ठेवलं, दोघं परत शोधायला लागले. त्याच्या घरात आत्ता दवाखाना चालू आहे, ईएसआयचं कार्ड हातात असणं मोठी गोष्ट आहे. मी 14 वालं घेतलं असतं. आणि सँड लॅबचा माणूस पण पुढं जातोच की, मी तिथनंच आलोय. फक्त एक खात्री कर, कॉन्ट्रॅक्टर खरंच पीएफ भरतो काय. तिथं काम करणाऱ्या एखाद्या पोराला विचार, मोबाईलवर पासबुक दाखव म्हणून. महिन्याच्या महिन्याला एंट्री दिसली तर हो म्हण.

फौंड्री_लॅब

दवाखान्याचा मुद्दा बरोबर आहे, तो मी धरला नव्हता. पण @भुदरगडकर, अप्रेंटिसवाल्या साहेबांना एक विचार. मागच्या दोन वर्षांत लॅबला किती अप्रेंटिस घेतले आणि त्यातले आज किती तिथं आहेत? सरळ विचारलेलं कुणाला आवडत नाही असं काही नसतं, मला विचारलं तर मी सांगतो.

भुदरगडकर

उद्या दोन्हीकडं जातो. सँड लॅबवाल्या गेटवर पहिली पाळी तीनला सुटते तेव्हा पोरं बाहेर येतात, त्यातल्या कुणाला तरी पीएफचं विचारतो. अप्रेंटिसचं तीनच्या आधीच विचारून घेतो, साहेब दुपारी मोकळे असतात म्हणाले होते. वडील पण येतो म्हणायलेत, कंपनी बाहेरनं का होईना बघायची आहे त्यांना.